गृहकर्जाचा तक्ता कसा वाचावा: हप्त्यातले व्याज किती, मुद्दल किती

समजा जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि 20 लाखांचे कर्ज काढले. दर 9 टक्के, मुदत 20 वर्षे. हप्ता बसतो 17,995 रुपये. बँकेकडून परतफेडीचा पूर्ण तक्ता मागून घ्या. 240 ओळी बघून दडपायचे कारण नाही, सुरुवातीला पहिली ओळच पुरते.

त्या ओळीतली सुरुवातीची बाकी घ्या, तिला वार्षिक दराने गुणा आणि 12 ने भागा. 20 लाखांचे 9 टक्के म्हणजे 1,80,000, त्याचा बारावा भाग 15,000. हे झाले पहिल्या महिन्याचे व्याज. हप्त्यातून ते वजा केले की उरतात 2,995 आणि मुद्दल फक्त तेवढेच फिटते. दुसऱ्या ओळीत बाकी 19,97,005 होते, म्हणून व्याज 14,978 वर येते आणि मुद्दलात 3,017 जातात. हप्ता तोच, पण व्याज दरमहा थोडे घटते आणि तेवढीच भर मुद्दलात पडते. एक्सेलमध्ये कोणत्याही महिन्याचे व्याज असे निघते (इथे 1 म्हणजे पहिला हप्ता):

```
=IPMT(9%/12,1,240,-2000000)
```

आता पहिल्या 12 ओळींची बेरीज करा. वर्षभरात भरले सुमारे 2,15,900, त्यातले व्याज सुमारे 1,78,500 आणि मुद्दल जेमतेम 37,500. मुद्दलाचा रकाना व्याजाच्या पुढे जातो तो थेट 149 व्या हप्त्याला, म्हणजे बारा वर्षे उलटल्यावर!

पहिल्याच ओळीचा हिशोब जुळत नसेल तर आधी सुरुवातीची बाकी पाहा. ती 20 लाखांपेक्षा जास्त असेल, तर बहुतेक विम्याचा हप्ता कर्जातच घातलेला असतो आणि त्यावरही वीस वर्षे व्याज चालते. बांधकाम चालू असताना फक्त व्याज भरले असेल, तर ते हप्ते या तक्त्यात दिसत नाहीत. दर बदलता असेल, तर दर बदलला की जुना तक्ता रद्दी समजा आणि नवा मागवा.

तक्त्याचा खरा उपयोग जादा रक्कम भरताना होतो. बाराव्या हप्त्यानंतर बाकी सुमारे 19,62,500 असते. बोनसचे 50,000 भरले की ती 19,12,500 होते. आता शेवटच्या बाकीच्या रकान्यावरून बोट खाली न्या. हा आकडा 26 व्या आणि 27 व्या ओळीच्या मध्ये सापडतो. म्हणजे साधारण साडेचौदा हप्ते, सुमारे 2,61,000 रुपये, वाचले. भरलेले 50,000 वजा केले तरी दोन लाखांवर व्याज टळले. मात्र अर्जात 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असे स्पष्ट लिहा. हप्ता कमी करून घेतलात, तर या ओळी गळत नाहीत आणि वाचणारे व्याजही बरेच कमी असते.