‘ना’ सुरात, तरी तबला बेसूर? शाईबाबतच्या या चुका टाळा

साध्या ढोलाच्या कातड्यावर थाप मारली की आवाज येतो, पण त्यातून सूर सापडत नाही. तबल्यावर ‘ना’ वाजवला की त्याच्याबरोबर गाता येईल असा स्वच्छ स्वर निघतो. कातडं दोन्ही वाद्यांवर ताणलेलंच असतं. फरक पडतो तो मधल्या काळ्या शाईने. तबला सुरात मिळवताना होणाऱ्या बहुतेक चुका शाई नेमकं काय करते हे नीट न कळल्यामुळे होतात, म्हणून आधी तेवढं पाहू.

ताणलेलं कातडं एकाच वेळी अनेक पद्धतींनी थरथरतं. पहिल्या पद्धतीत सगळं कातडं मिळून वरखाली होतं. दुसरीत ते मधून दुभंगल्यासारखं होतं, एक अर्धं वर असताना दुसरं खाली जातं. तिसरीत त्याचे चार भाग पडतात, आणि असंच पुढे. साध्या गोल कातड्यावर या पद्धतींच्या कंपनसंख्या 1, 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात. कानाला एक सूर वाटायचा तर हे प्रमाण 1, 2, 3, 4 असं पूर्णांकांत यायला हवं.

शाईचं वजन मध्यभागी बसतं, पण ते सगळ्या कंपनांना सारखं जाणवत नाही. सगळं कातडं मिळून हलतं तेव्हा सगळ्यात जास्त हालचाल मध्यावर असते, त्यामुळे हे मूळ कंपन वजनाने बरंच खाली येतं. दुभंगलेल्या कंपनात मध्यबिंदू स्थिर असतो आणि हालचाल बाहेर सरकलेली असते, म्हणून ते त्या मानाने कमी उतरतं. भाग जितके जास्त, तितकी हालचाल किनारीकडे सरकते आणि शाईचा परिणाम कमी होत जातो. अशी कंपनांमधली अंतरं रुंदावतात आणि 1.59 चं 2 होतं, 2.14 चं 3. 2.30 वालं कंपन मध्याशीही जोरात हलतं, म्हणून तेही ओढलं जाऊन त्याच 3 वर येऊन बसतं. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये हे प्रथम मांडलं आणि 1934 मध्ये अधिक तपशिलाने लिहिलं. कातड्यावर बारीक वाळू पसरून स्थिर रेषा कुठे पडतात ते त्यांनी पाहिलं. नऊ कंपनं मिळून फक्त पाच स्वरस्थानांवर जमतात, असं त्यांना आढळलं.

थुं ऐकून सूर लावणं

ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक. समजा तबला काळी एकला लावायचा आहे, म्हणजे साधारण 277 हर्ट्झ. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. ती मूळ कंपन दाबून टाकते आणि दुभंगलेलं कंपन पुढे येतं. हे 277 वर असलं तर पुढची 415 आणि 554 च्या आसपास येतात, म्हणजे 138.5 च्या दुप्पट, तिप्पट, चौपट. हेच 277 साध्या, शाईविना कातड्यावर दुसऱ्या कंपनाला मिळवलं असतं, तर मूळ कंपन 174 वर राहिलं असतं आणि पुढची 371, 399, 461 वर. ही रांग एका सुरात बसत नाही.

‘थुं’मध्ये बोट टेकलेलं नसतं, त्यामुळे मूळ कंपन मोकळं ऐकू येतं. ते नेमकं 138.5 वर यावं ही अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात ते बहुधा थोडं चढंच असतं. म्हणून थुं तंबोऱ्याला जुळवला की ना उतरतो. तबल्याचा सूर ना किंवा तीं वर ऐकायचा, थुं थोडा वेगळा वाटला तर त्याला तसा राहू द्यायचा. ट्यूनर अॅपवर ना वाजवून कधी 277, कधी 138 दिसलं तरी गोंधळू नका. मूळ कंपन दबलेलं असलं तरी वरच्या कंपनांमधलं अंतर तेवढंच असतं, म्हणून अॅप एक सप्तक खाली घसरतं.

एकाच घरावर वाजवून समाधान मानणं

दुभंगलेलं कंपन दोन दिशांनी होऊ शकतं, उभ्या रेषेने आणि आडव्या रेषेने. ताण सगळीकडे सारखा असेल तर दोन्हींचा सूर एकच. नसेल तर एक 277 वर आणि दुसरं 281 वर जातं, आणि काही ठिकाणी वाजवलं की दोन्ही मिसळून सेकंदाला चार लाटा ऐकू येतात. ही लाट म्हणजेच आस, थापेनंतर रेंगाळणारा नाद, असा काहींचा समज असतो. आस सरळ विरत जाते, लाट वरखाली होते.

गंमत अशी की या कंपनापुरती समोरासमोरची घरं, म्हणजे काठाभोवतीच्या सोळा भागांपैकी समोरासमोरचे, सारखीच, म्हणून ‘इकडेही बरोबर, पलीकडेही बरोबर’ असं होऊन फसायला होतं. पाव फेरी फिरवून बघा, चूक तिथे सापडते. सोळाही घरं तपासायची, पण आधी चार. एखादं घर उतरलेलं असेल तर गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या वेणीवर, तिथे वरून हलकी हातोडी आणि लगेच समोरच्या घरावर तशीच. चढलेलं असेल तर गजऱ्याला खालून. संपूर्ण पुडीच अर्ध्या-एका स्वराने खाली असेल तर हातोडीशी झटापट करू नका, बाजूचे लाकडी गट्टे खाली सरकवा. गजरा ठोकून ठोकून एवढा सूर चढवायला गेलं की पुडी वाकडी बसते.

शाईचा टवका चिकटवणं

हे मी केलंय. माझ्या तबल्याच्या शाईचा मधल्या भागातला वाटाण्याएवढा टवका उडाला आणि ना वाजवताना बारीक चरचर यायला लागली. मी तो गोंदाने परत बसवला. चरचर थांबली, पण आस गेली आणि ना बद्द झाला.

कारण शाई म्हणजे नुसतं वजन नव्हे. लोहभुकटी आणि खळ यांचा लेप पातळ थरांनी चढवतात, प्रत्येक थर दगडाने घोटतात, आणि त्यात मुद्दाम बारीक भेगा पाडतात. त्यामुळे ती लहान कणांच्या जाळीसारखी कातड्याबरोबर वाकते. गोंदाने ते कण एकमेकांना जखडले की तिथे कडक चकती तयार होते. वजन तेवढंच राहतं, पण कातडं वाकायला विरोध करतं आणि वरची कंपनं आपल्या जागेवरून हलतात. ओल्या फडक्याने पुसणंही याच कारणासाठी नको, खळ भिजते आणि कण सुटतात. कोरड्या, मऊ कापडाने पुसा.

टवका लहान आणि शाईच्या कडेला असेल तर बरेचदा चालून जातं. मध्यावरचा असेल, किंवा चरचर प्रत्येक घरावर येत असेल, तर पुडी नव्याने शाई भरायला द्यावी लागते.

डग्ग्याला मात्र यातलं बरंच लागू नाही. त्याची शाई मध्यावर नसून एका बाजूला असते आणि त्याच्याकडून एक ठाम सूर अपेक्षितच नसतो.