इंग्रजी वाक्याचा ठेका कसा पकडावा

‘मी तुला दहा वाजता स्टेशनवर भेटेन’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सोडला, तर प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच वेळ मिळतो. इंग्रजीत मोजकीच अक्षरे लांबतात आणि मधली सगळी आक्रसतात. मराठीच्या ठेक्यात इंग्रजी बोललो, तर एकेक उच्चार बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो. कधी कधी तर अर्थच उलटा होतो.

१. आधी एकेकटा शब्द घ्या. शब्दकोशातल्या उच्चारात ˈ ही उभी खूण शोधा. तिच्या लगेच पुढचे अक्षर आघाताचे, म्हणजे जोर देऊन म्हणायचे. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो: फो-ट-ग्राफ. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिले अक्षर दुबळे पडते: फ-टॉ-ग्र-फर. ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर: फो-ट-ग्रॅ-फिक. आघाताचे अक्षर लांबवा आणि सूर जरा चढवा. नुसता आवाज वाढवून भागत नाही. पडलेल्या अक्षरांत बहुतेकदा ‘अ’ उरतो. तो आपल्याकडे आहेच: ‘कमळ’मधला पहिला अ, फक्त आणखी तोकडा.

२. मग वाक्याचे खांब रोवा. ‘आय कॅन मीट यू अ‍ॅट द स्टेशन अ‍ॅट टेन’ या वाक्यात अर्थ वाहणारे शब्द तीनच. टेबलावर बोटाने ठेका धरून आधी तेवढेच म्हणा: मीट, स्टेशन, टेन. ठेका न बदलता मधले शब्द भरा: आय कन मीट य अट द स्टेशन अट टेन. ‘मीट’ आणि ‘स्टे’ यांच्या मध्ये तीन अक्षरे आहेत, ‘स्टे’ आणि ‘टेन’ यांच्या मध्ये दोन. तरी ठोके साधारण समान अंतरावर पडले पाहिजेत. यंत्राने मोजली तर नैसर्गिक बोलण्यातली अंतरे तंतोतंत सारखी निघत नाहीत, पण सरावाला हा ठेका फार उपयोगी पडतो.

३. ‘कॅन’ जपून वापरा. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. होकारात हा शब्द ‘कन’ इतका बारीक होतो. नकारातला ‘कान्ट’ किंवा अमेरिकन ‘कॅन्ट’ मात्र पूर्ण, आघातासह येतो आणि त्यातला शेवटचा ‘ट’ अनेकदा नीट ऐकूही येत नाही. त्यामुळे अमेरिकन माणूस मुख्यतः स्वरावरून अर्थ लावतो. तुम्ही ठसठशीत ‘आय कॅन मीट यू’ म्हणालात, तर भेटायला जमणार नाही असेच त्याला वाटू शकते. अपवाद वाक्याच्या शेवटी: ‘येस, आय कॅन’ यात पूर्ण ‘कॅन’च हवा.

४. मोबाइलवर रेकॉर्ड करून तपासा. ‘अट द’ हे ‘स्टेशन’इतकेच स्पष्ट ऐकू आले, तर मराठीचा ठेका अजून सुटलेला नाही. ‘अट’ अजिबातच ऐकू येत नसेल, तर तुम्ही अक्षर तोकडे करण्याऐवजी गाळता आहात; वेग कमी करा आणि ‘स्टे’ आणखी लांबवा.