ऑथेंटिकेटरचे कोड नवीन फोनवर नेताय? जुना फोन हातात आहे तोवर या चुका टाळा

माझा मावसभाऊ नाशिकला छोट्या दुकानांच्या वेबसाइट बनवून देतो. दिवाळीच्या सेलमध्ये त्याने एक्स्चेंजवर नवीन फोन मागवला, डिलिव्हरीवाला दारात उभा, जुना फोन रिसेट करून द्या म्हणतोय, आणि याने घाईघाईत गूगल ऑथेंटिकेटरमधून, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारे सहा आकडी कोड देणाऱ्या ॲपमधून, क्यूआर काढला, नवीन फोनने स्कॅन केला, यादी आली, कोड फिरायला लागले, झालं समजून जुना फोन रिसेट मारून देऊन टाकला. रात्री होस्टिंगच्या साइटवर लॉगिन करायला गेला तर यादीत ते खातंच नाही. अकाउंट होते १४ आणि आले होते १०.

झालं असं की अकाउंट जास्त असले की गूगल ऑथेंटिकेटर सगळे एका क्यूआरमध्ये कोंबत नाही, दहा-दहाचे गठ्ठे करतं. पहिला क्यूआर स्कॅन झाल्यावर जुन्या फोनवर पुढचा क्यूआर दाखवायचा असतो, त्यात उरलेले ४ होते. त्याने पहिल्यावरच थांबवलं. त्या चारमधलं गिटहबचं खातं वाचलं कारण `github-recovery-codes.txt` ही फोनशिवाय आत शिरायच्या कोडची फाइल लॅपटॉपच्या डाउनलोडमध्ये कधीची पडून होती. दोन ठिकाणी ब्राउझरमध्ये लॉगिन चालू होतं म्हणून आतून सेटिंग बदलता आली. चौथं, म्हणजे होस्टिंगचं, तिथे ओळखपत्र पाठवा, जुनी बिलं पाठवा असं करत अकरा दिवस गेले आणि तेवढे दिवस एका गिऱ्हाईकाची साइट बंद होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की ज्या दिवशी कोड हलवणार त्या दिवशी जुना फोन कोणालाही द्यायचा नाही. एक्स्चेंज असेल तर डिलिव्हरीच्या आधी कोड तात्पुरते घरातल्या दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा, किंवा सरळ एक्स्चेंज सोडून द्या. दारातल्या पाच मिनिटांत हे काम होत नाही.

फोन क्लोन केला म्हणजे कोड आले असं नाही

नवीन फोन सेटअप करताना जुन्यावरून सगळं ओढून घेता येतं, फोटो येतात, कॉन्टॅक्ट येतात, ॲपची चिन्हंसुद्धा येतात. ऑथेंटिकेटरचं चिन्हही दिसतं आणि तिथेच माणूस फसतो, कारण ॲप उघडलं की आत रिकामं असू शकतं. कोड तयार होतो एका गुप्त किल्लीतून, ती किल्ली तुम्ही पहिल्यांदा साइटवरचा क्यूआर स्कॅन केला तेव्हा फोनमध्ये साठली. साधारण अशी असते ती:

```
otpauth://totp/Example:user?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Example
```

यातला `secret` आणि फोनमधली वेळ, एवढ्या दोनवरून दर ३० सेकंदाला सहा आकडे निघतात. इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही. म्हणजे आपल्याला हलवायची असते ती ही किल्ली, ॲप नाही. आणि किल्ली कॉपी होते, जुन्या फोनवरची आपोआप मरत नाही, त्यामुळे एकच किल्ली दोन्ही फोनवर असली तर दोन्हीकडे एकाच वेळी तेच सहा आकडे दिसतात. हे लक्षात ठेवा, पुढे तपासायला कामाला येतं.

रीत तशी सोपी आहे. जुन्या फोनवर मेनूत `Transfer accounts`, मग `Export accounts`, स्क्रीन लॉक मागेल तो द्या, अकाउंट निवडा, क्यूआर येईल. नवीनवर त्याच जागी `Import accounts`. सुरू करायच्या आधी जुन्या फोनमधली यादी मोजा आणि आकडा कागदावर लिहा, आणि इकडे आल्यावर परत मोजा. वरच्या गोष्टीत एवढंच केलं असतं तर अकरा दिवस वाचले असते. शेवटी जुना फोन विचारू शकतो की एक्सपोर्ट केलेली खाती इथून काढू का. तिथे ठेवा म्हणायचं. स्वच्छता नंतर.

त्या क्यूआरचा फोटो मात्र काढू नका. अँड्रॉइडवर ॲप त्याचा स्क्रीनशॉट काढू देत नाही म्हणून लोक तिसऱ्या फोनने फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात, आणि तो फोटो बॅकअपमध्ये जाऊन बसतो. त्या चित्रात तुमच्या सगळ्या किल्ल्या उघड्या असतात आणि त्यांना मुदत नसते, वर्षभराने कोणाच्या हाती लागला तरी तुम्ही तोवर त्या खात्यांच्या किल्ल्या बदलल्या नसतील तर चालतो. दोन फोन समोरासमोर धरा, स्कॅन करा, बंद करा.

आकडे जुळले तरी लॉगिन होईलच असं नाही

ही चूक शहाणी माणसंही करतात. दोन्ही फोन शेजारी ठेवले, आकडे सारखे दिसले, खात्री पटली. पण त्याने एवढंच कळतं की कॉपी बरोबर झाली. साइट ती किल्ली अजून मानते का ते कळत नाही. समजा दोन वर्षांपूर्वी तुम्ही एखाद्या साइटवर टू-स्टेप बंद करून परत चालू केलं, तेव्हा नवीन किल्ली मिळाली पण जुनी नोंद ॲपमध्ये तशीच राहिली. आता यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी आहेत, दोन्ही कोड देतायत, दोन्ही फोनवर जुळतायत, आणि त्यातली एक मेलेली आहे. कुठली ते बघून कळायचं नाही आणि नेमकी चालू असलेली डिलीट करणारे लोक मी पाहिलेत.

त्यामुळे खरी परीक्षा एकच, नवीन फोनवरचा कोड टाकून प्रत्यक्ष लॉगिन करायचं. लॅपटॉपवर एका खिडकीत ते खातं आधीपासून लॉगिन असू द्या, तिला हात लावू नका, तेच तुमचं मागचं दार. दुसरी इनकॉग्निटो खिडकी उघडा, तिथे पासवर्ड टाका आणि कोड नवीन फोनवरून वाचून टाका. हा डिव्हाइस लक्षात ठेव वगैरे टिक असेल तर काढा. साइटने कोड मागितलाच नाही किंवा त्याऐवजी एसएमएस पाठवला तर ती परीक्षा झाली असं धरू नका, दुसरा पर्याय निवडून ऑथेंटिकेटरचाच कोड मागायला लावा. जे खातं पास झालं त्याच्यापुढे कागदावर खूण. पंधरा खाती असतील तर तासभर जातो, जाऊ दे.

कोड नाकारला तर लगेच पाच-सहा वेळा मारत बसू नका, काही साइट जास्त चुका झाल्या की खातं थोडा वेळ बंद करतात. आधी कोड बदलायची वाट बघा आणि ताजा कोड टाका, शेवटच्या दोन सेकंदात टाकलेला कधी कधी वाया जातो. तरी नाही झालं तर तोच कोड जुन्या फोनवर बघा. दोन्हीकडे वेगळे आकडे येत असतील तर एकतर तुम्ही वेगळ्या नोंदी बघताय किंवा एका फोनचं घड्याळ चुकलंय. घड्याळाचं फार होतं हे, कोणीतरी गेमसाठी वेळ हाताने पुढे केलेली असते किंवा परदेशातून आल्यावर टाइम झोन न बदलता नुसते काटे फिरवलेले असतात. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ऑटोमॅटिक करा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. घड्याळ बरोबर, आकडे दोन्हीकडे सारखे, तरी साइट नाही म्हणते, तर ती नोंद मेलेली आहे. त्याच नावाची दुसरी नोंद वापरून बघा. तीही नाही चालली तर त्या उघड्या ठेवलेल्या खिडकीतून सिक्युरिटी सेटिंगमध्ये जा आणि ऑथेंटिकेटर नव्याने जोडा. नवीन क्यूआर आला की तो दोन्ही फोनने स्कॅन करा, मग कोड टाकून कन्फर्म करा. कन्फर्म न करता खिडकी बंद केली तर फोनमध्ये एक नोंद वाढते आणि साइटवर मात्र काही बदलत नाही, म्हणजे आणखी एक मेलेली नोंद.

गूगल खात्यात सिंक असेल तर

२०२३ पासून गूगल ऑथेंटिकेटर कोड गूगल खात्यात सिंक करू शकतं. चालू असेल तर नवीन फोनवर त्याच खात्याने लॉगिन केलं की यादी येते, क्यूआरची गरज नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, सिंक चालू असताना जुन्या फोनवरून एखादी नोंद डिलीट केली तर ती नवीनवरूनही जाते, कारण यादी एकच आहे. जुना फोन साफ करायचा तर आधी त्या ॲपमध्ये खात्यातून बाहेर पडा, नोंदी एकेक पुसत बसू नका.

दुसरी जास्त वाईट. कोड गूगल खात्यात आहेत, आणि त्या गूगल खात्यात शिरायचा कोड त्याच ऑथेंटिकेटरमध्ये आहे. किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्लीही कपाटात. जुना फोन चालू आहे तोवर हे जाणवत नाही, तो गेला की जाणवतं. म्हणून गूगलच्या टू-स्टेप सेटिंगमधून बॅकअप कोड काढा, ८ आकड्यांचे १० मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहून घरात कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, त्याच फोनच्या नोट्समध्ये नको. नवीन संच काढला की जुना रद्द होतो, तेव्हा फाइलमधला जुना कागद फाडून टाका.

ऑफिसच्या खात्याचं वेगळं असतं. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये ऑफिसचं खातं बॅकअपमधून परत आणलं तर नाव दिसतं पण परत साइन-इन करायला सांगतं, कारण ती मंजुरीची नोटिफिकेशन त्या ठराविक फोनशी बांधलेली असते. तिथे लॅपटॉपवर `mysignins.microsoft.com/security-info` उघडा, जुन्या फोनवर मंजुरी द्या आणि नवीन फोन दुसरी पद्धत म्हणून जोडा. जुना फोन गेल्यावर हेच काम करायला आयटीवाल्यांना गाठावं लागतं, आणि ते शनिवारी-रविवारी सापडत नाहीत.

बँकेची ॲप या सगळ्यात मोडत नाहीत, ती सिम आणि फोनला बांधलेली असतात आणि नव्याने रजिस्टर करावी लागतात. एवढंच करा की नंबर पोर्ट करणं किंवा सिम बदलणं त्याच आठवड्यात काढू नका, नाहीतर एसएमएसचा आधारही नेमका तेव्हाच जातो.

सगळ्या खुणा झाल्या तरी मी जुना फोन दोन आठवडे चार्ज करून ड्रॉवरमध्ये ठेवते, कारण महिन्यातून एकदाच लागणारी खाती, डोमेन रिन्यूअल, शेअरचं, यादीत असूनही आपण तपासायची विसरलेलो असतो. तेवढ्यात काही निघालं नाही की मग ॲपमधून खातं साइन-आउट, मग फॅक्टरी रिसेट, मग द्यायचा त्याला द्या.