जाळी आणि काचेआडचा प्राणी: फोटोत फक्त तोच कसा येईल

जाळीची तार फोटोत दिसणार की विरघळणार, हे बरंचसं लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, तारेच्या मानाने किती मोठं आहे यावर ठरतं. ३०० मिमीची लेन्स एफ/५.६ वर ठेवली की तिचं छिद्र साधारण ५४ मिमी रुंद असतं. तार ३ मिमीची असेल, तर प्राण्याकडून येणारा बहुतेक प्रकाश तिच्या बाजूने आत शिरतो आणि तार अंधूक होऊन पसरते. एफ/१६ वर तेच छिद्र जेमतेम १९ मिमी उरतं आणि जाळी पुन्हा उमटू लागते. म्हणून कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, एफचा आकडा मिळेल तितका लहान घ्या आणि झूम पूर्ण लांबवा.

आता समजा, समोर बिबट्या आहे आणि कठड्यामुळे तुम्ही जाळीपासून एक मीटरवर उभे आहात. तो जाळीला लागून फेऱ्या मारत असेल, तर कुठल्याही सेटिंगने तार जाणार नाही. थांबा. तो सहा मीटर मागच्या ओंडक्यावर जाऊन बसला, की तीच तार पाच सेंटीमीटरच्या घरांवर जवळजवळ सारखी पसरते आणि दिसेनाशी होते. माझ्या मते इथे महागड्या लेन्सपेक्षा ही वाट पाहणंच जास्त कामाला येतं.

जाळीचा सावलीतला भाग निवडा. उन्हात चमकणारी तार धूसर झाली तरी चित्रावर पांढुरकी झाक सोडते. फोकससाठी एकच बिंदू प्राण्याच्या डोळ्यावर ठेवा. कॅमेरा तारेलाच धरत असेल तर फोकस हाताने करा. मग स्क्रीनवर फोटो मोठा करून मागची धूसर पानं आणि उजेडाचे ठिपके पाहा, कारण उरलेली जाळी आधी तिथेच चौकटींसारखी दिसते. नुसती फिकट झाक असेल तर एडिटिंगमध्ये काळा रंग थोडा गडद केला की ती जाते.

मोबाइलचं छिद्र काही मिलिमीटरचंच असल्यामुळे त्याला तार अशी विरघळवता येत नाही. पण त्याची लेन्स जाळीच्या एका घरात मावते. मध्ये कठडा नसेल आणि जाळीजवळ जायला परवानगी असेल, तिथेच लेन्स अशी घरात धरून फोटो काढा.

काचेशी वागणं वेगळं. आधी काच पुसा, फ्लॅश बंद करा आणि मऊ रबरी हूड काचेला अलगद, काटकोनात टेकवा. लेन्स तिरकी झाली तर फटीतून मागचा उजेड शिरतो, शिवाय जाड काचेतून चित्राची धारही बोथट होते. हूड नसेल तर गडद कपडे घाला आणि हाताच्या तळव्यांनी लेन्सभोवती आडोसा करा. पोलरायझर फिल्टर मात्र समोरून उभं राहिल्यावर प्रतिबिंब काढत नाही. तो काचेकडे बऱ्यापैकी तिरकं पाहिल्यावरच चालतो आणि एक-दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण प्रकाशही खातो. अंधाऱ्या दालनात तो काढूनच ठेवा.