‘सॅलरी’तले मीठ: व्युत्पत्तीवरून शब्द लक्षात ठेवताना या चुका टाळा

‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘सालारिउम’वरून आला आणि त्याच्या मुळाशी ‘साल’, म्हणजे मीठ आहे, एवढे पक्के आहे. जुन्या फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकात इंग्रजीत पोहोचला. रोमन सैनिकांना पगार म्हणून मिठाच्या गोण्या मिळत, ही पुढची गोष्ट मात्र पक्की नाही. शिकणाऱ्याला बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच सांगितले जाते. मराठी माणसाला ते लगेच पटतेही, कारण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आपल्या बोलण्यात आधीच आहे. पण व्युत्पत्तीचा उपयोग करून शब्द पाठ करायचे असतील तर पहिला घोटाळा इथेच होतो.

गोष्टीलाच व्युत्पत्ती समजणे

रोमन सैनिकाच्या पगाराला ‘स्टिपेंडिउम’ म्हणत. आजचा ‘स्टायपेंड’ त्यावरूनच आला. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला 225 देनारिउस मिळत. ‘देनारिउस’ हे चांदीचे नाणे. म्हणजे हिशेब नाण्यांत होता, मिठात नव्हता.

मग ‘सालारिउम’ काय होते? साम्राज्याच्या काळात हा शब्द मुख्यतः अधिकाऱ्यांच्या भत्त्यासाठी वापरलेला दिसतो. इतिहासकार टॅसिटस प्रांताधिकाऱ्याला मिळणाऱ्या सालारिउमचा उल्लेख करतो. पहिल्या शतकातला लेखक थोरला प्लिनी मिठाबद्दल लिहिताना सांगतो की मानसन्मान आणि सैन्यसेवा यांच्याशीही मिठाचा संबंध आहे आणि ‘सालारिउम’ हे नाव त्यावरूनच पडले. मीठ वाटले जात होते, असे तो म्हणत नाही. त्याच ठिकाणी तो ‘विया सालारिया’ या रस्त्याचे नाव घेतो. त्या रस्त्याने रोमच्या शेजारच्या साबाइन लोकांकडे मीठ जात असे, आणि रोमहून निघणारा तो रस्ता आजही त्याच नावाने ओळखला जातो.

शब्दाची घडण पाहिली की कोडे बरेचसे सुटते. लॅटिनमध्ये वस्तूच्या नावाला ‘-आरिउम’ जोडून त्या वस्तूसाठीच्या भत्त्याचे नाव करता येई. ‘काल्केउस’ म्हणजे पायताण, आणि ‘काल्केआरिउम’ म्हणजे पायताणासाठीचे पैसे. ऑस्तिया आणि पुतेओली या बंदरांहून पाळीपाळीने रोमपर्यंत पायी येणाऱ्या नौसैनिकांनी सम्राट व्हेस्पेशियनकडे असाच भत्ता मागितला. त्याने सांगितले, यापुढे अनवाणी या. हा प्रसंग चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवला आहे. ‘दिएस’ म्हणजे दिवस, त्यावरून ‘दिआरिउम’ म्हणजे रोजचा शिधा. पुढे त्याचा अर्थ रोजनिशी झाला आणि त्यातून ‘डायरी’ आली. याच साच्यात ‘सालारिउम’ बसवला तर ‘मिठासाठीचा भत्ता’ असा अर्थ निघतो. आपल्याकडे चोळीबांगडीसाठी म्हणून जे उत्पन्न लावून देत, त्यातून चोळ्या आणि बांगड्याच हातात पडत नसत. नावात वस्तू असली तरी व्यवहार पैशांचा असतो. अर्थात ‘मिठासाठीचा भत्ता’ हाही शब्दाच्या रूपावरून काढलेला तर्क आहे, हे वहीत लिहून ठेवावे.

या साच्याचा शिकणाऱ्याला दुहेरी फायदा होतो. एक तर स्पेलिंग. ‘सॅलरी’त मधला स्वर ‘ई’ की ‘ए’ हा गोंधळ नेहमीचा, आणि ‘ई’ लिहिला की शब्द चुकतो. ‘सालारिउम’ आठवले की मधला ‘ए’ आणि शेवटचे ए-आर-वाय आपोआप येते. दुसरे म्हणजे त्याच घराण्यातले शब्द सापडतात: ‘ग्रॅनरी’ म्हणजे धान्याचे कोठार, ‘डायरी’, ‘डिक्शनरी’. शेवट सगळ्यांचा सारखाच.

मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानणे

मीठ आठवले म्हणून ‘सॅलरी’ कुठे वापरायची ते कळत नाही. महिन्याचा किंवा वर्षाचा ठरलेला पगार म्हणजे सॅलरी, तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबाने मिळते ती ‘वेज’, हा फरक मिठात कुठेच नाही. तो वाक्यांतूनच शिकावा लागतो. मूळ किती दूर नेऊ शकते ते आपल्या ‘मीठ’ शब्दातच दिसते. तो आणि हिंदीतला ‘मीठा’ संस्कृतातल्या एकाच मूळ शब्दाकडून, ‘मृष्ट’कडून आले, पण एक खारट आहे आणि दुसरा गोड.

‘सल’ दिसले की मीठ शोधणे

ही चूक सर्वांत जास्त होते. ‘सॅलड’ मिठाचेच आहे, मूळ अर्थ ‘खारवलेले’. ‘सॉस’ आणि ‘सॉसेज’ही तिथलेच. दवाखान्यात लावतात ते ‘सलाईन’ तर सर्वांत सोपा आधार: साध्या सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असते. पण ‘सेल’ म्हणजे विक्री, हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. ‘सॅल्यूट’ लॅटिनच आहे, पण त्याचे मूळ ‘सालुस’ म्हणजे आरोग्य, कुशल. ‘सोल्जर’लाही मीठ चिकटवले जाते, प्रत्यक्षात तो ‘सोलिदुस’ या सोन्याच्या नाण्यावरून आला. आणि खुद्द ‘सॉल्ट’? तो लॅटिनमधून उसना घेतलेला नाही. इंग्रजीचा तो घरचा जर्मानिक शब्द आहे, ‘साल’चा भाऊ.

ओळखायचे कसे? शब्दकोशातल्या नोंदीत ‘यापासून आला’ आणि ‘याच्याशी तुलना करा’ या दोन खुणा वेगळ्या असतात. पहिली असेल तर शब्द तिथून आलेला असतो. दुसरी असेल तर तो फक्त नातेवाईक असू शकतो. दुसऱ्या खुणेला पहिली समजून घेतले की चुकीची साखळी तयार होते.

मराठीकडून जाणारी एक खरी साखळीही आहे. आपला ‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’वरून आला, अर्थ ‘पैसे देणे’. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, आणि पुढे ज्याचे देणे आहे त्याचे समाधान करणे. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमधून येतो, पण त्याचे मूळही तेच. म्हणून ‘पगार’ आणि ‘पे’ एका कुळातले, ‘सॅलरी’ दुसऱ्या कुळातली.

पाठांतराचे कार्ड कसे करावे

पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचे वाक्य लिहा, उदाहरणार्थ ‘तिची … महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होते’, इंग्रजीत. मागे आधी आजचा अर्थ, मग ‘वेज’शी फरक, मग मूळ: ‘साल, सालारिउम, सॅलरी’. सर्वांत खाली एकच नातेवाईक, सलाईन. सैनिकांची गोष्ट लिहायचीच असेल तर ‘पुरावा नाही’ असे शेजारी लिहा.

काही दिवसांनी शब्द समोर आल्यावर आधी मीठ आठवते आणि पगार नंतर, असे झाले तर शब्दाचे मूळ त्याच्या आजच्या अर्थाच्या पुढे गेले आहे. अशा वेळी मुळाची ओळ आठवडाभर झाकून ठेवा, नुसत्या वाक्याने सराव करा आणि उत्तर बिनचूक येऊ लागल्यावरच ती पुन्हा उघडा. उलट अर्थ येतो पण स्पेलिंग चुकते, तेव्हा मुळाची ओळ मोठ्याने वाचून मग शब्द लिहा.