एका विषयावर दीडदोनशे सुविचार लिहून त्यातले कामाचे तीस कसे काढायचे

महिनाभर रोज एक, म्हणजे 31 ओळी हव्या असतील तर किमान 180 लिहा. विषय इथे "ऐकणं" धरूया, मी मागच्या वेळी हाच केला होता.

लिहिण्याचा भाग सोपा आहे, फक्त "ऐकणं" असा शब्द समोर ठेवून बसू नका, वीस ओळींतच तुम्ही गोल फिरायला लागता. विषयाचे आधी बारा कोपरे पाडा. कोण कुणाचं ऐकतं, कधी ऐकू नये, ऐकल्याचं नाटक, उशिरा ऐकणं, लहान मुलाचं ऐकणं, न बोललेलं ऐकणं, ऐकून घेतल्यावर पुढे काय, असे. प्रत्येक कोपऱ्यावर पंधरा ओळी, आणि लिहिताना एकही खोडायची नाही. भिकार ओळ आली तरी राहू द्या, बऱ्याचदा तिच्या खालचीच चांगली निघते. सगळं स्प्रेडशीटमध्ये, एका रकान्यात, एका सेलमध्ये एकच ओळ. शेजारच्या रकान्यात कोपऱ्याचं नाव.

आता छाटणी. पहिलं अक्षरशः सारख्या ओळी काढायच्या, आणि सगळे सांगतात "डुप्लिकेट काढायचं बटण दाबा, झालं". मराठीत होत नाही. "दुसऱ्याचं" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. फोनवरून अर्धं आणि लॅपटॉपवरून अर्धं लिहिलं असेल तर हे होऊ शकतं. म्हणून आधी एका रिकाम्या रकान्यात हा फॉर्म्युला लावून सगळं एकाच प्रकारात आणा, आणि आलेला मजकूर फक्त मूल्यं म्हणून पहिल्या रकान्यात परत चिकटवा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,"र"&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),"ऱ"&UNICHAR(2381)))
```

ॲ चंही तसंच, तेही दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, ते शोधा-बदला वापरून सारखं करून घ्या. शेवटचा पूर्णविराम सगळीकडे ठेवा नाहीतर सगळीकडून काढा. मग बटण दाबा. माझ्या 184 मधल्या 9 अशा गेल्या. त्यानंतर "ऐकावे जनाचे करावे मनाचे" सारख्या जुन्या म्हणी आणि दोन कान एक तोंड वगैरे जे प्रत्येकाने कुठेतरी वाचलंय ते काढा, नकळत आपल्या यादीत शिरलेलं असतं. 6 गेल्या, 169 राहिल्या.

खरं काम इथून पुढे, आणि इथेच मी पहिल्या दोन वेळा सपशेल चुकलो होतो. मी शब्द बघून जुळ्या शोधायचो. "कान" असलेल्या सगळ्या ओळी एकत्र घ्यायच्या, त्यातली एक ठेवायची. यादी दिली, आठवड्याने ज्यांना दिली होती त्यांचा फोन आला, की सोमवार, बुधवार, शनिवार तिन्ही दिवस एकच गोष्ट सांगितलीय. बघितलं तर खरंच होतं, बघा:

"उत्तर तयार ठेवून बसलेला माणूस प्रश्न अर्धाच ऐकतो."
"समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघणं म्हणजे ऐकणं नव्हे."
"डोक्यात जबाब जुळत असला की कान बंदच असतात."

तिन्हींत धड एकही समान शब्द नाही, पण म्हणणं एकच. आणि मी उलट "कान" च्या नादात दोन वेगळ्या ओळींपैकी चांगली उडवली होती, ते मला आजही लागतं. तेव्हापासून एकच पद्धत वापरतो आणि दुसरी कुठलीच मानत नाही.

तिसरा रकाना घ्या, नाव द्या "म्हणणं". प्रत्येक ओळीसमोर ती ओळ काय सांगते ते चारपाच साध्या शब्दांत लिहा, उपमा नाही, यमक नाही, शेजाऱ्याला सांगावं तसं. वरच्या तिन्हींसमोर येतं "उत्तर जुळवताना ऐकणं होत नाही". शब्दही तेच ठेवा, आधी एकदा लिहिलेलं म्हणणं पुन्हा आलं तर वरून कॉपी करा, नवीन शब्दांत लिहिलंत की पुढची क्रमवारी फसते. कंटाळवाणं काम आहे, 169 ओळींना मला अख्खी दुपार लागली, पण ही पायरी गाळली तर बाकी सगळं वाया आहे. एखाद्या ओळीचं म्हणणं लिहिताच येत नसेल, तर ती ओळ नुसती छान वाजतेय, आत काही नाही, तिथल्या तिथे काढा.

मग त्या रकान्यावर क्रमवारी लावा. सारख्या म्हणण्याच्या ओळी एकाखाली एक येतात आणि डोळे उघडतात. माझी 169 ओळींत फक्त 52 म्हणणी निघाली, एका म्हणण्याच्या तर अकरा ओळी होत्या. प्रत्येक गटातून एक, फक्त एक. कुठली, तर जिच्यात डोळ्यांसमोर काहीतरी दिसतं ती. पण गट म्हणण्यावरूनच धरा, कोपऱ्यावरून नाही. "उशिरा ऐकणं हे न ऐकण्यासारखंच" आणि "तिसऱ्या हाकेला ओ देणाऱ्याने पहिल्या दोन ऐकलेल्या असतात" या दोन्ही मी "उशीर" च्या कोपऱ्यात लिहिल्या होत्या. म्हणणं लिहायला घेतल्यावर कळलं की दुसरी उशिराबद्दल नाहीच, ती जाणूनबुजून दुर्लक्ष करण्याबद्दल आहे. म्हणजे दोघींचे गट वेगळे, नुसत्या कोपऱ्यावरून छाटलं असतं तर एक नाहक गेली असती. "ज्याला ऐकता येतं तो कमी बोलतो" आणि "कमी बोलणारा ऐकत असतोच असं नाही" याही अशाच, शब्द जवळजवळ तेच पण म्हणणं उलट. उडवू नका, यादीत लांब लांब ठेवा.

उरलेल्या 52 मधल्या कच्च्या ओळी काढायला दोन परीक्षा पुरतात. एक, विषयाचा शब्द बदला. "ऐकणं ही यशाची गुरुकिल्ली आहे", इथे ऐकणंच्या जागी मेहनत, वाचन, झोप काहीही घाला, ओळ तशीच उभी राहते, म्हणजे ती ऐकण्याबद्दल नाहीच. बाद. "बोलायला जीभ पुरते, ऐकायला अख्खा माणूस लागतो" यात मेहनत घालून बघा, मोडते, म्हणून ठेवायची. दोन, ओळ उलटी करा. "दुसऱ्यांचं नीट ऐकावं" याच्या उलट कुणी शहाणा बोलेल का, नाही ना, मग ती ओळ सांगायची गरजच नव्हती. ही दुसरी परीक्षा जरा नरम हाताने वापरा, साधी गोष्ट नेमक्या चित्रातून सांगणारी ओळ तिच्यात नापास होऊ शकते आणि तरी ठेवण्यासारखी असते.

हे त्याच दिवशी करू नका, रात्र जाऊ द्या आणि सकाळी मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक एक शब्द जास्त असतो. माझ्या 52 च्या 28 झाल्या.

तीन कमी पडल्या तर बाद केलेल्यांतून उचलायचा मोह होतो, करू नका. कोपऱ्याचा रकाना बघा, कुठला कोपरा रिकामा पडला ते लगेच दिसतं. माझा "कधी ऐकू नये" पूर्ण साफ झाला होता, तिथे बसून नवीन वीस लिहिल्या आणि त्या याच चाळणीतून काढून तीन घेतल्या. शेवटी क्रम लावताना "जो अमुक तो तमुक" आणि "अमुक म्हणजे तमुक नव्हे" अशा एकाच साच्याच्या ओळींमध्ये निदान पाच दिवसांचं अंतर ठेवा, आणि एका साच्याच्या चारपेक्षा जास्त झाल्या असतील तर पाचवीचं वाक्य मोडून वेगळं बांधा.