मुलींच्या शिबिरासाठी कबड्डीच्या मैदानाचा नकाशा : तयारीची यादी

सुट्टीतल्या शिबिरात पहिल्याच सकाळी प्रत्येक मुलीच्या हातात मैदानाचा एक कागद पडावा, असं ठरवलं असेल तर पेन्सिल हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा : नकाशा कोणत्या मैदानाचा? पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, महिलांचं 12 बाय 8 चं. आपल्याकडे बहुतेक वह्यांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांत पुरुषांचंच मैदान असतं आणि तेच मुलींना दिलं जातं. फार तर बाहेरची मापं खोडून 12 आणि 8 लिहितात, आतले आकडे तसेच राहतात. वयोगटाच्या स्पर्धेची तयारी असेल तर त्या स्पर्धेच्या परिपत्रकातलं माप आधी बघा. इथे मी महिलांचं मैदान धरून चालतो, कारण घोळ तिथेच होतो.

आतले आकडे चुकले की काय होतं ते बघा. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते आणि बोनसरेषा तिच्यापुढे 1 मीटर, म्हणजे 4.75 वर. अर्धं मैदान साडेसहा मीटर खोल, म्हणून बोनसरेषेच्या मागे 1.75 मीटर उरतात. महिलांच्या मैदानात निदानरेषा 3 मीटरवर, बोनसरेषा 4 वर आणि अंतिम रेषा 6 वर, म्हणजे मागे 2 मीटर. आता पुरुषांचे 4.75 जर मुलींच्या 6 मीटरच्या अंगणात आणून बसवले, तर मागे सव्वा मीटरच राहतो. चढाई करणारीला बोनससाठी पाऊण मीटर जास्त आत जावं लागतं आणि बचावाला मागे सरकायला जागा उरत नाही. महिनाभर अशा मैदानावर सराव केलेली मुलगी स्पर्धेत उतरली की तिचं पाऊल अंदाजाने पडतं, आणि अंदाजच चुकीचा असतो.

म्हणून मापांची पट्टी एका ओळीत तयार ठेवा आणि सगळी अंतरं मध्यरेषेपासूनच मोजलेली लिहा. ‘निदानरेषेपासून 1 मीटर, तिथून पुढे 2 मीटर’ असं तुकड्यातुकड्याने लिहिलं की प्रत्येक वेळी टेप उचलून नव्याने लावावी लागते आणि दर वेळी दोन-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. मध्यरेषेवर शून्य धरून टेप एकदाच ताणायची आणि 3, 4, 6, 8, 9 या आकड्यांवर खुंट्या ठोकायच्या. निदान, बोनस, अंतिम रेषा झाल्या. 8 आणि 9 हे बाद झालेल्या खेळाडूंच्या बसण्याच्या जागेचे, कारण ती जागा अंतिम रेषेपासून 2 मीटर मागे आणि 1 मीटर खोल असते. रुंदीला आकडे 0, 1, 7, 8. पुरुषांच्या कागदावर हेच आकडे लांबीला 3.75, 4.75, 6.5, 8.5, 9.5 आणि रुंदीला 0, 1, 9, 10 असे होतील.

रुंदीच्या आकड्यांत दोन्ही बाजूंचं राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी, आलेलं आहे. ते 8 मीटरच्या आतच असतं. काही जण 8 मीटर आखून बाहेर दोन्हीकडे एकेक मीटर जोडतात आणि मैदान 10 मीटर रुंद करून ठेवतात. ही चूक पकडायची सोपी खूण म्हणजे बसण्याची जागा. महिलांसाठी ती 6 मीटर लांब असते, पुरुषांसाठी 8, म्हणजे राखीव क्षेत्र वगळून उरणाऱ्या रुंदीइतकीच. नकाशात बसण्याच्या जागेची टोकं राखीव क्षेत्राच्या आतल्या रेषांच्या सरळ समोर आली नाहीत, तर कुठेतरी मीटर जास्त झालाय. निदानरेषा आणि बोनसरेषाही त्या आतल्या रेषांपर्यंतच ओढा. राखीव क्षेत्रात फक्त मध्यरेषा आणि अंतिम रेषा जातात.

राखीव क्षेत्राला रंग किंवा करडी छटा देऊ नका. आपल्या सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही झेरॉक्स मशीनवर करडा रंग एक तर काळा होतो, नाही तर गायब. तिरप्या बारीक रेघा मारा, शंभराव्या प्रतीतही दिसतात. त्यावर एकच वाक्य लिहा : स्पर्श किंवा झटापट झाल्यावरच ही जागा खेळात येते. त्याआधी इथे पाय पडला तर खेळाडू बाद. हे वाक्य कोपऱ्यात टीप म्हणून न देता त्या पट्ट्यातच उभं लिहावं, कारण मुली टीप वाचत नाहीत. (मोठेही वाचत नाहीत.)

आता कागदाचं माप. ए-फोर कागदावर एका बाजूला पूर्ण मैदान एकास शंभर प्रमाणात काढा, म्हणजे एक सेंटिमीटरला एक मीटर. बसण्याच्या दोन्ही जागा धरून 18 सेंटिमीटर लांबी आणि 8 रुंदी होते, कडेला लिहायला भरपूर जागा राहते. मागच्या बाजूला अर्धंच मैदान एकास पन्नासने काढा : रुंदी 16, मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत 12, बसण्याच्या जागेसकट 18. कागद आडवा धरला की नीट बसतं. खेळाडूंच्या जागा याच बाजूला दाखवायच्या, पूर्ण मैदानावर चौदा गोळे गर्दी करतात. आलेखाचा कागद असेल तर पट्टीचीही फारशी गरज नाही. मैदानावरची रेषा 3 ते 5 सेंटिमीटर जाडीची असते. एकास पन्नासात 5 सेंटिमीटर म्हणजे 1 मिलिमीटर, स्केचपेनची बारीक रेघ. रेषेची जाडी मैदानातच धरली जाते, तेव्हा 12 आणि 8 ही मापं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या.

संगणकावर काढत असाल तर नकाशाखाली 10 सेंटिमीटरची एक रेघ नक्की ठेवा. छापताना Fit to page निवडलेलं असेल तर मशीन गुपचूप सगळं आकसवते. पहिली प्रत हातात आली की त्या रेघेवर पट्टी ठेवा, 9.7 भरली तर Actual size निवडून पुन्हा काढून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ जागांना द्या. बचावाच्या सात जणींनी कुठे उभं राहावं हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही. रेषा नियमाच्या, जागा तुमच्या. म्हणून नियमाचं सगळं सलग रेघेने आणि तुमचं सगळं तुटक रेघेने काढा, नाही तर मुलींना वाटतं गोळ्याबाहेर पाय गेला की पंच शिट्टी वाजवणार.

डावा कोपरा, डावी इन, डावं कव्हर, सेंटर, उजवं कव्हर, उजवी इन, उजवा कोपरा अशी ओळ डावीकडून धरा आणि 1 ते 7 आकडे द्या. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी मुली घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडकडच्या काही कन्नड. लांब नावांपेक्षा आकडा सगळ्यांना पटकन कळतो. डावं-उजवं मात्र उभ्या राहणाऱ्या खेळाडूचं, मध्यरेषेकडे तोंड करून. इथेच कागद फसवतो. खालच्या अंगणातला संघ वर बघतो, त्याचा 1 नंबर कागदाच्या डाव्या हाताला येतो. वरच्या अंगणातला संघ खाली बघतो, म्हणून त्याचा 1 नंबर कागदाच्या उजव्या हाताला यायला हवा. खालचं चित्र उचलून सरळ वर चिकटवलं तर डावा कोपरा उजवीकडे जातो. चिकटवण्याआधी ते अर्धं फिरवा, आरशासारखं उलटू नका. तपासायला दोन्ही संघांच्या 1 नंबरला रेघेने जोडा; रेघ मैदानाच्या मध्यातून तिरपी गेली तर बरोबर, बाजूच्या रेषेला समांतर गेली तर चूक.

साखळी दोन-तीन-दोन ठेवत असाल तर अंतरांचा हिशोब आधी करा. राखीव क्षेत्राच्या दोन रेषांमध्ये 6 मीटर. दोन्ही कोपरे त्या रेषेपासून अर्धा मीटर आत उभे राहिले तर मध्ये 5 मीटर उरतात. हात धरलेल्या दोघींमध्ये 70 सेंटिमीटर धरले तर अशा चार जागांचे 2.8 मीटर, उरलेले 2.2 दोन मोकळ्या फटींत, म्हणजे प्रत्येकी 1.1 मीटर. एकास पन्नासात आतल्या डाव्या रेषेपासून गोळ्यांचे मध्य 1, 2.4, 4.6, 6, 7.4, 9.6 आणि 11 सेंटिमीटरवर येतात. खोलीला सातही गोळे मध्यरेषेपासून 5 मीटरवर, कागदावर 10 सेंटिमीटरवर, म्हणजे बोनसरेषा आणि अंतिम रेषेच्या बरोबर मध्ये ठेवा. कोपरा किती पुढे काढायचा हा प्रत्येक प्रशिक्षकाचा वाद आहे. कागदावर सरळ ओळ द्या, बदल मैदानावर करा. त्या 1.1 मीटरच्या दोन फटी तुटक बाणाने ठळक करा, चढाई करणारी तिथेच पाय घालते. पुरुषांच्या मैदानात याच रांगेला दोन मीटर जास्त मिळतात, म्हणून त्यांच्या तक्त्यावरचे गोळे उचलून इथे चालत नाहीत.

बाजूला एक छोटं चित्र पाच जणींचं हवं : दोन-एक-दोन. बचावात किमान सहा असतील तरच बोनस मिळतो, तेव्हा या चित्रात बोनसरेषेवर फुली मारा. निदानरेषेवर फुली नको. स्पर्श झाला नाही तर ती प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते, समोर कितीही जणी असोत. चढाई करणारीचा त्रिकोण तिच्याच अंगणात, मध्यरेषेच्या अलीकडे काढा, कारण दम मध्यरेषा ओलांडण्याआधीच सुरू झाला पाहिजे.

मुलींच्या हाती देण्याआधी हा कागद स्वतः मैदानावर नेऊन आखून बघा. महिलांच्या मैदानाची एक सोय फार छान आहे : अर्धं अंगण 6 बाय 8, म्हणून त्याचा कर्ण पूर्ण 10 मीटर. दोन्ही कर्ण 10 भरले की कोपरे काटकोनात आहेत, वेगळं काही तपासायला नको. पूर्ण मैदानाचा कर्ण 14.42 भरतो. हे दोन आकडे कागदाच्या कडेला लिहून ठेवा. कापडी टेप ओढली की लांबते, धातूची घ्या. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खुंटी भेगेत हलते; भेग टाळून ठोका आणि सुतळी ताणल्यावर कर्ण पुन्हा एकदा मोजा. फक्की सकाळी सहाच्या आत मारून घ्या, वारा सुटला की 5 सेंटिमीटरची रेषा हातभर पसरते.

सोबत न्यायचं सामान : धातूची टेप, सुतळी, खुंट्या, हातोडी, फक्कीची पिशवी, आणि पुरुषांचा नकाशाही लागणार असेल तर तो वेगळ्या रंगाच्या कागदावर, वर मोठ्या अक्षरात ‘13 × 10’ लिहून.